तांबडा, पांढरा आणि डोक्यावरचं टिंब

कोल्हापुरात नव्यानं आलेल्या माणसाला मराठी वाचायला शिकवायचं असेल तर मी पुस्तक उघडत नाही. खानावळीत नेते आणि भिंतीवरचा फळा वाचायला लावते. वरच्या ओळीतच ‘तांबडा-पांढरा’ असतं. दोन्ही शब्दांच्या डोक्यावर तेच टिंब, दोन्हींत ते ‘आ’च्या काना-शेजारीच, आणि तरीही दोन्ही टिंबांचा आवाज वेगळा. हे एकदा कानाला कळलं की मराठीतल्या अनुस्वाराचं निम्मं काम झालं म्हणायला हरकत नाही.

बिहारमधून बदलीवर आलेले एक बँक अधिकारी गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे मराठी शिकायला येत होते. देवनागरी त्यांना लहानपणापासून येत होती, त्यामुळे ‘मॅडम, वाचता येतं, फक्त अर्थ सांगा’ असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी त्यांनी तांबडा आणि पांढरा हे दोन्ही शब्द हिंदीतल्या ‘चाँद’सारखे वाचले, म्हणजे ‘आ’ नाकातून काढला आणि पुढं ‘बडा’, ‘ढरा’. वाढपी पोराला कळलं, रस्साही आला. पण त्या उच्चारात तांबड्यातला ‘म’ नव्हता आणि पांढऱ्यातला ‘ण’ नव्हता. हा लेख त्यांच्यासारख्यांसाठी आहे: ज्यांना लिपी येते, पण मराठी टिंब कसं वाचायचं ते कुणी सांगितलेलं नाही.

आधी थांबून पाहा

‘तांबडा’ म्हणायला सुरुवात करा आणि ‘ब’ फुटायच्या आत थांबा. जागच्या जागी तोंड तसंच ठेवा. ओठ मिटलेले असतील आणि आवाज नाकातून चालू असेल. मिटलेल्या ओठांनी नाकातून निघणारा आवाज म्हणजे ‘म्’. तुम्ही ‘ताम्बडा’ म्हणालात.

आता ‘पांढरा’ म्हणा आणि ‘ढ’च्या आधी थांबा. या वेळी ओठ उघडे आहेत, पण जिभेचं टोक मागं वळून टाळूला टेकलंय. हा ‘ण्’. शब्द ‘पाण्ढरा’ असा आहे.

तसंच बिंदू चौकातल्या ‘बिंदू’पाशी करा. जीभ वरच्या दातांच्या मागं जाऊन बसते: ‘न्’, म्हणजे ‘बिन्दू’. ‘रंकाळा’ म्हणताना ‘क’च्या आधी थांबलात तर जिभेचं टोक कुठंच टेकलेलं नसतं, ते खाली मोकळं असतं आणि जिभेचा मागचा भाग घशाजवळ वर चिकटलेला असतो. तो ‘ङ्’. हे अक्षर लिहिलेलं तुम्हाला फारसं दिसणार नाही, ‘वाङ्मय’ या शब्दातच काय ते भेटेल, पण ऐकू मात्र रोज येईल, कारण रंकाळा, गंगावेस, मंगळवार पेठ ही सगळी नावं त्याच्यावरच उभी आहेत. आणि ‘पंचगंगा’ या एका नावात दोन टिंबं आहेत ती दोन वेगळ्या जागी लागतात: पहिलं ‘च’च्या आधी, जीभ पसरून टाळूला लागते तिथं (‘ञ्’), दुसरं ‘ग’च्या आधी, घशाजवळ (‘ङ्’).

म्हणजे टिंबाला स्वतःचा आवाज नाही. टिंब एवढंच सांगतं की इथं नाकातून आवाज काढायचा आहे. तोंडात कुठं अडवायचा ते पुढचं अक्षर सांगतं. पुढं क-ख-ग-घ असेल तर ङ्, च-छ-ज-झ असेल तर ञ्, ट-ठ-ड-ढ असेल तर ण्, त-थ-द-ध असेल तर न्, प-फ-ब-भ असेल तर म्. व्याकरणात याला परसवर्ण म्हणतात, पर म्हणजे पुढचा आणि सवर्ण म्हणजे त्याच जातीचा. पाणिनीच्या अष्टाध्यायीत यासाठी एक सूत्रच आहे, ‘अनुस्वारस्य ययि परसवर्णः’. पण सूत्र पाठ करण्यापेक्षा थांबून तोंडाकडे लक्ष देणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. पुढच्या अक्षरासाठी जीभ किंवा ओठ आधीच जागेवर गेलेले असतात. तुम्ही फक्त त्या जागेवर नाकाची वाट उघडी ठेवायची.

नाक चिमटीत धरूनही पडताळा घेता येतो. नाक दाबून ‘तांबडा’ म्हणा, ‘म्’ कोंडतो आणि ‘ताब्बडा’सारखं काहीतरी निघतं. नाक दाबून ‘पाच’ म्हणा, काहीच बदलत नाही. बदलत असेल तर तुम्ही हिंदीतलं ‘पाँच’ म्हणताय.

हिंदीतला चंद्रबिंदू इथं आल्यावर काय होतो

हिंदीत ‘हँसना’ आणि ‘हंस’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चंद्रबिंदू असला की स्वर स्वतःच नाकातून जातो, जीभ कुठं टेकत नाही. हिंदीभाषक माणसाच्या कानाला हा फरक जन्मापासून पक्का असतो. प्रमाण मराठीत असा नाकातला स्वर अर्थाचा फरक करत नाही. हिंदीचे चंद्रबिंदूवाले ओळखीचे शब्द मराठीत शोधलेत तर त्यांचं दोनांपैकी एक काहीतरी झालेलं दिसेल.

पुष्कळदा नाक पूर्ण गेलेलं असतं. पाँच झाला पाच, दाँत झाला दात, साँप झाला साप, गाँव झालं गाव, काँटा झाला काटा, हँसना झालं हसणं. जुन्या मराठी पुस्तकांत तुम्हाला ‘पांच’, ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ असं छापलेलं दिसेल. ती टिंबं या जुन्या नाकातल्या स्वरांची होती. बोलण्यातून ते स्वर गेले तरी लिहिण्यात टिंबं राहिली होती, आणि शाळेतली मुलं ती पाठ करून द्यायची. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम 1962 साली आले, तेव्हा न उच्चारली जाणारी ही टिंबं काढून टाकली. त्यामुळे आज ‘नांव’ लिहिणं चूक धरतात. वाचताना ‘नांव’ भेटलं तर सरळ ‘नाव’ वाचा.

दुसऱ्या प्रकारात नाकातला स्वर जाऊन तिथं भरीव व्यंजन आलेलं असतं. ऊँट हा मराठीत ‘उंट’, उच्चार ‘उण्ट’. चाँद हा ‘चांद’, उच्चार ‘चान्द’. इथं स्वर नाकातून काढून भागत नाही, जीभ टेकायलाच हवी. माझ्या विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त सराव याचाच करावा लागला, कारण त्यांची जीभ टेकायच्या ऐवजी हवेतच राहायची. ‘थंडी’ म्हणताना मी त्यांना ‘थण्’वर दोन सेकंद थांबायला लावायचे आणि मग ‘डी’. आठवड्याभरात थांबायची गरज उरली नाही.

नाकातले स्वर मराठीच्या सगळ्या बोलींतून गेलेले नाहीत. घाट उतरून कोकणात गेलात तर ते अजून ऐकू येतील. आणि इथंही दोन-तीन उद्गारांत ते शिल्लक आहेत. नीट ऐकू आलं नाही की आपण ‘अँ?’ म्हणतो, किंवा गोष्ट ऐकताना ‘हं, हं’ करतो. तिथं खरोखर स्वरच नाकातून जातो.

‘बँक’वरचा चंद्रबिंदू हा चंद्रबिंदू नाही

या ठिकाणी हिंदीतून आलेला माणूस हमखास फसतो. त्यांच्या स्वतःच्या शाखेच्या पाटीवर ‘बँक’ लिहिलेलं होतं आणि ते ‘बँ’ हा ‘हँस’मधल्या ‘हँ’सारखा वाचत होते. हिंदीत हा शब्द ‘बैंक’ असा लिहितात, त्यामुळे ‘बँक’ त्यांना भलताच शब्द वाटला.

मराठीत ‘ॲ’ हा स्वर दाखवायला अक्षरावर चंद्रकोर देतात: बॅट, कॅमेरा, मॅडम. या कोरीच्या जोडीला अनुस्वार आला की टिंब कोरीच्या पोटात बसतं आणि दिसायला हुबेहूब चंद्रबिंदू तयार होतो. पण तो चंद्र आहे स्वराचा आणि बिंदू आहे नेहमीचा अनुस्वार. दोन वेगळी कामं एकमेकांवर बसली आहेत. म्हणून ‘बँक’ वाचताना आधी ‘बॅ’, मग टिंबासाठी पुढचं अक्षर बघा, ते ‘क’ आहे, म्हणून ‘ङ्’: ‘बॅङ्क’. ‘स्टँड’ म्हणजे ‘स्टॅण्ड’, ‘पँट’ म्हणजे ‘पॅण्ट’. ‘टँकर’ हा ‘बँक’सारखाच.

नव्या माणसानं इतकं लक्षात ठेवलं तर पुरे: मराठी मजकुरात ँ दिसला, की तो बहुतेक वेळा इंग्रजीतून आलेला शब्द आहे आणि त्यात ‘ॲ’ आहे.

संगणकावर मात्र ही गोष्ट त्रासाची होते. एका पतसंस्थेच्या यादीत ‘बँक’ हा शब्द शोधायचा होता. डोळ्यांना दिसत होत्या त्यापेक्षा निम्म्याच नोंदी सापडत होत्या. यादी दोघांनी टाईप केली होती. एकानं चंद्रबिंदूची एकच खूण वापरली होती, दुसऱ्यानं आधी चंद्रकोर आणि मग अनुस्वार दिला होता. पडद्यावर दोन्ही सारखंच, पण संगणकाच्या लेखी अक्षरं वेगळी:

```
बँक   U+092C U+0901 U+0915
बॅंक   U+092C U+0945 U+0902 U+0915
```

उच्चाराचा विचार केला तर दुसरी पद्धत नेमकी आहे, कारण तिथं खरोखर कोर आणि टिंब अशा दोन गोष्टी आहेत. व्यवहारात पहिलीच जास्त दिसते, कारण एका कळीत काम होतं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर `x` दाबला की अनुस्वार येतो आणि शिफ्टसह `X` दाबला की चंद्रबिंदू. माझं मत असं की एका कागदात एकच पद्धत ठेवावी, आणि शोधताना दोन्ही रूपं टाकून पाहावीत.

‘उंच’ आणि ‘उंची’

वरच्या यादीत मी च-छ-ज-झ च्या आधी ‘ञ्’ असं सरसकट लिहिलं, ते तसं पूर्ण खरं नाही. मराठीत ‘च’ दोन आहेत. चहातला ‘च’ टाळूवर पसरलेल्या जिभेचा, आणि चमच्यातला ‘च’ दातांच्या मागचा, ‘त्स’ला जवळचा. लिहायला अक्षर एकच, त्यामुळे नव्या माणसाला हे शब्दागणिक शिकावं लागतं. पण टिंब मात्र स्वतःहून बरोबर मागोमाग जातं.

‘उंच’ म्हणा. इथला च चमच्यातला आहे, म्हणून टिंब ‘न्’चं: ‘उन्च’. आता ‘उंची’ म्हणा. पुढं ‘ई’ आली आणि च टाळूवर गेला, तो चहातला झाला. तो हलला तसं टिंबही हललं, ‘उञ्ची’. थांबून पाहा: ‘उंच’मध्ये जिभेचं टोक दातांशी आहे, ‘उंची’मध्ये जिभेचा पसरट भाग टाळूशी. ‘झुंज’ आणि ‘झुंजीत’ यांतही असंच होतं.

हे अपवादात्मक शब्दांचं कौतुक नव्हे, कारण रोजच्या ‘चा-ची’ प्रत्ययात नेमकं हेच घडतं. ‘लोकांचा’ मध्ये ‘न्’ आहे, ‘लोकांची’ मध्ये ‘ञ्’. हाच एक शब्द घेऊन पुढचे प्रत्यय बदलत गेलात तर टिंब तोंडभर फिरतं: लोकांत म्हणताना दातांमागं, लोकांकडे म्हणताना घशाजवळ, लोकांपुढे म्हणताना ओठांवर. लिहिताना काहीच बदलत नाही. मी विद्यार्थ्यांना हा एकच शब्द रोज सकाळी पाच वेळा म्हणायला सांगते.

हे टिंब गाळलं तर मात्र अर्थ जातो. अनेकवचनाच्या रूपाला प्रत्यय लागताना टिंब द्यावंच लागतं: ‘मुलाचा डबा’ एका मुलाचा, ‘मुलांचा डबा’ अनेकांचा. आदर दाखवायलाही आपण अनेकवचनच वापरतो, त्यामुळे दसरा चौकातला पुतळा ‘शाहू महाराजांचा’ असतो, ‘महाराजाचा’ नव्हे. आमच्या अधिकाऱ्यांनी एकदा नोटिशीच्या मसुद्यात ‘साहेबाच्या सूचनेनुसार’ लिहिलं होतं. त्यांच्या मनात काहीच नव्हतं, टिंब राहून गेलं होतं. पण मराठी वाचणाऱ्याला ते वरिष्ठांना अरेतुरे केल्यासारखं लागतं. मसुदा बाहेर जायच्या आत मी ते दुरुस्त केलं आणि त्यांना कारण सांगितलं, तेव्हापासून ते ‘ंच्या’ लिहून झालं की एकदा वर बघतात.

टिंब हलतं, अक्षर हलत नाही

इथं एक गैरसमज होऊ शकतो. पुढच्या अक्षरामागं जातं ते टिंब. पूर्ण लिहिलेला न, ण किंवा म आपली जागा सोडत नाही. ‘आमटी’ घ्या. बोलताना आपण ‘आम्टी’ म्हणतो, म्हणजे ‘म’ थेट ‘ट’ला भिडलेला असतो. नियम सगळीकडे लागला असता तर तिची ‘आण्टी’ व्हायला हवी होती, पण होत नाही, ओठ मिटतातच. ‘चिमटा’, ‘चमचा’, ‘आमचा’, सगळीकडे म शाबूत. ‘मणका’तला ण ‘क’च्या आधीही ण-च राहतो आणि ‘जनता’ला आपण ‘जन्ता’ म्हणत असलो तरी तो ‘जंता’ असा लिहीत नाही.

कारण या अक्षरांत एक ‘अ’ दडलेला आहे. घाईत बोलताना तो गळतो, पण सावकाश बोललात की परत येतो: आ-म-टी, ज-न-ता. ‘थंडी’ कितीही सावकाश बोललात तरी ण आणि ड यांच्यामध्ये ‘अ’ सापडत नाही. ऐकलेला शब्द लिहायचा असेल आणि टिंब द्यावं की अक्षर, असा प्रश्न पडला तर समोरच्याला शब्द तोडून हळू म्हणायला सांगा. मध्ये ‘अ’ डोकावला तर अक्षर लिहा.

आणखी एक: ‘तुम्ही’, ‘कन्या’, ‘पुण्य’ यांत ‘अ’ दडलेला नाही, तरी टिंब देत नाहीत. पुढं य किंवा ह आला की टिंबाचा आवाज वेगळाच होतो, त्यामुळे म् किंवा न् हवा असेल तर तो स्पष्ट लिहावा लागतो. तो वेगळा आवाज कोणता, ते आता.

‘संस्था’ आणि ‘पेन्शन’

य, र, ल, व, श, ष, स, ह ही अक्षरं त्या पाच रांगांत नाहीत. त्यांच्या आधी टिंब आलं की त्याला अडवायला पक्की जागा मिळत नाही. ‘य’ असेल तर नाकातला य होतो, ‘संयम’ हा ‘सँय्यम’सारखा, ‘ल’ असेल तर नाकातला ल, ‘संलग्न’. ‘संयम’ आणि ‘सम्यक’ हे शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहा. पहिल्यात ओठ मिटत नाहीत, दुसऱ्यात मिटतात. लिहिण्यातला फरक त्यासाठीच आहे.

बाकीच्या अक्षरांपुढं मराठी जिभेची खास सवय आहे: ती नाकातला ‘व’ करते. संस्था, संसार, संशय, संरक्षण, सिंह, मांस, अंश. ‘संस्था’ हळू म्हणा, ‘सं’ संपताना ओठ थोडे गोल होऊन पुढं येतात, जवळपास ‘सव्ँस्था’. जुन्या बायका संसाराला ‘संवसार’ म्हणतात, त्यात तो व उघडच झालेला आहे. हिंदीतून आलेला माणूस इथं ‘सन्स्था’, ‘सन्सार’ म्हणतो. अर्थ पोचतो, पण कान लगेच ओळखतो. जीभ दातांपाशी न नेता ओठ गोल करा, एवढाच उपाय. ‘लोकांसाठी’सारख्या शब्दात, जिथं टिंबापुढं शब्दयोगी अव्यय येतं, तिथं हा व फार पुसट असतो, तो मुद्दाम ठळक करू नका.

यावरून इंग्रजी शब्द लिहिण्याची एक रीत कळते. पेन्शन, टेन्शन, लायसन्स, इन्शुरन्स, एजन्सी: इथं ‘न्’ सुटा लिहिणं का बरं? कारण ‘पेंशन’ लिहिलं तर टिंबापुढं ‘श’ आला आणि मराठी वाचणाऱ्याची जीभ तो संशयातल्यासारखा वाचू बघते. इंग्रजी शब्दात स्वच्छ ‘न’ आहे, तो लिहून दाखवावा. ‘फंड’मध्ये ही अडचण नाही, तिथं टिंब आपोआप ‘ण्’ होतं आणि आपण म्हणतोही ‘फण्ड’च.

मराठी शब्दांत मात्र अशी फोड करू नका. ‘ताम्बडा’, ‘रङ्काळा’ लिहू नये. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत परसवर्ण लिहिलेला चालतो, पंडित किंवा पण्डित, पण टिंब सोयीचं. खरी गरज फक्त अर्थ वेगळा करायला पडते: ‘वेदांत’ म्हणजे वेदांमध्ये, आणि ‘वेदान्त’ म्हणजे ते तत्त्वज्ञान.

पुढं अक्षरच नसेल तर

जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळताना जी गर्जना होते, ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’, तिच्यात तीन टिंबं आहेत. ‘चां’वरचं टिंब ‘ग’च्या आधी, म्हणून ‘ङ्’. पण ‘नावानं’ आणि ‘भलं’ यांच्या शेवटी असलेली टिंबं नाकातून जातच नाहीत. ती फक्त सांगतात की शेवटचा ‘अ’ गिळू नका, थोडा लांबवा. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण खातो: ‘घर’ हे ‘घर्’ असं म्हणतो. ‘घरं’ लिहिलं की तो ‘अ’ ऐकू आला पाहिजे, आणि तो ऐकू आला की एका घराची अनेक घरं होतात. केलं, गेलं, पाणी प्यायलं, मुलं, फुलं, सगळीकडे तेच. पुस्तकी लेखनात यांच्या जागी बहुधा ‘ए’ असतो: केले, गेले, मुले.

नवी माणसं हे ‘घरम्’, ‘केलम्’ असं वाचतात. शेवटी खरा ‘म्’ येतो तो ‘स्वयं’सारख्या संस्कृत शब्दांत.

एक चिठ्ठी वाचू

शेवटच्या आठवड्यात मी अधिकाऱ्यांना हा मजकूर दिला आणि प्रत्येक टिंबाला आवाज लावायला सांगितलं:

‘उद्या संध्याकाळी पाच वाजता बँकेच्या पेन्शनर मंडळींची रंकाळ्यावर बैठक आहे. संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत, त्यांच्यासाठी पांढरी फुलं आणा.’

‘संध्याकाळी’त पुढं ध, म्हणून न्. ‘पाच’वर टिंब नाही, तिथं ते सवयीनं नाकात गेले आणि स्वतःच थांबून परत म्हणाले. ‘बँकेच्या’त कोर ‘ॲ’ची, टिंब ‘क’च्या आधी, ङ्. ‘पेन्शनर’मध्ये न् लिहिलेलाच आहे. ‘मंडळींची’त दोन टिंबं: ड च्या आधी ण्, आणि ‘ची’च्या आधी ञ्, कारण हा च चहातला. ‘रंकाळ्यावर’ ङ्. ‘संस्थेचे’ ओठ गोल करून, नाकातला व. ‘त्यांच्यासाठी’मध्ये ‘च्या’चा च टाळूचा, म्हणून पुन्हा ञ्, शिवाय हे टिंब अध्यक्षांना मान देतं, ते गेलं तर फुलं ‘त्याच्यासाठी’ होतील. ‘पांढरी’त ण्. राहिलं ‘फुलं’. ते त्यांनी आधी ‘फुलम्’ वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि शेवटचा ‘अ’ सावकाश लांबवून म्हणाले, ‘फुलं’.